केबल बंद केली, पण डिपॉझिटचं काय? बॉक्स परत देण्याआधी हे वाचा

आपल्याकडं टीव्हीचं कनेक्शन बंद करायची एकच पद्धत रूढ आहे. रिचार्ज संपला की पुढचा मारायचाच नाही. पडद्यावर सूचना येते, चॅनल जातात, आणि आपण समजतो की कनेक्शन बंद झालं. बॉक्स टीव्हीखाली धूळ खात पडतो, किंवा केबलवाल्याचा पोरगा येऊन "काका, वापरत नाही तर द्या" म्हणून घेऊन जातो. कनेक्शन घेताना भरलेले हजार-बाराशे रुपये मग कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

हे पैसे काही ठिकाणी खरोखर परत मिळण्यासारखे असतात, काही ठिकाणी नसतात. फरक कुठं आहे आणि परत मिळण्यासारखे असतील तर ते कसे काढायचे, हे आमच्याच घरातल्या एका प्रकरणावरून सांगतो. माझ्या चुलत्यांचं, म्हणजे अण्णांचं कनेक्शन गेल्या वर्षी बंद केलं. रक्कम हजाराचीच होती, पण ती मिळवताना कागद कसे चालतात ते चांगलं कळलं.

आधी बघा, पैसे डिपॉझिट होते की बॉक्सची किंमत

सेटटॉप बॉक्स घरी येतो तो दोन तऱ्हेनं. एक, आपण तो विकत घेतलेला असतो. तेव्हा भरलेले पैसे ही त्याची किंमत. कनेक्शन बंद केलं तरी पैसे परत येत नाहीत, पण बॉक्स आपला राहतो आणि केबलवाल्याला तो मागायचा हक्क नाही. दुसरं, बॉक्स कंपनीचा असतो आणि आपण तो भाड्यानं वापरतो. तेव्हा भरलेले पैसे म्हणजे अनामत, डिपॉझिट. बॉक्स परत दिला की अटींप्रमाणे कपात होऊन ते परत मिळायला पाहिजेत.

अडचण अशी की कनेक्शन जोडताना आपल्याला एकच आकडा सांगितला जातो. "पंधराशे लागतील, सगळं आलं त्यात." त्या पंधराशेत डिपॉझिट किती, जोडणीचे किती, चालू करायचे किती, हे फक्त कागदावर असतं. तो कागद म्हणजे ग्राहक अर्ज, त्याला केबलवाले कॅफ म्हणतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे या अर्जाची एक प्रत ग्राहकाला द्यावी लागते. आपल्यापैकी किती जणांकडं ती आहे, हा प्रश्न वेगळा.

अण्णांची प्रत सापडली ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात. कनेक्शन २०१९ मधलं. त्यावर चार ओळी होत्या: बॉक्स सिक्युरिटी डिपॉझिट (परतीचे) १००० रुपये, जोडणी ३५०, चालू करण्याचे १००, आणि जीएसटी ८१. एकूण १५३१.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ८१ रुपये म्हणजे ४५० रुपयांवरचे १८ टक्के. हजारावर जीएसटी लावलेलाच नाही. याचं कारण, परत करायच्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. तो विक्रीवर लागतो, भाड्यावर लागतो, सेवेवर लागतो. म्हणून तुमच्या पावतीवर शब्द गोलमाल असतील, नुसतं "बॉक्स १०००" असं लिहिलेलं असेल, तर त्या रकमेवर कर लावलाय का ते बघा. कर लावला असेल तर ती बहुतेक किंमत किंवा भाडं आहे. पावतीवर इतर रकमांना कर आहे आणि हिलाच नाही, तर ती अनामत असण्याची शक्यता मोठी. मात्र छोट्या केबलवाल्याची जीएसटी नोंदणीच नसेल तर तो कशावरच कर लावत नाही. तिथं ही खूण चालणार नाही.

३५० आणि १०० हे आकडेही ओळखीचे आहेत. २०१७ च्या नियमांत जोडणीला आणि चालू करायला तेवढीच कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ती मर्यादा काढली. आता कंपनीनं आपले दर जाहीर करायचे आणि ग्राहकाला आधी सांगायचे, असं आहे. २०१९ ते जुलै २०२४ या काळातलं कनेक्शन असेल आणि तुम्ही एकरकमी पंधराशे भरले असतील, तर वरचे पैसे कशाचे होते हे विचारायला या मर्यादेचा आधार आहे.

कागद सापडत नसेल तर

केबलवाल्याला विचारण्याआधी वरच्या कंपनीला विचारा. गावातला केबलवाला हा शेवटचा दुवा असतो. सिग्नल आणि बॉक्स देणारी कंपनी वेगळी असते, तिला एमएसओ म्हणतात. बॉक्स त्या कंपनीच्या संगणकावर तुमच्या नावानं नोंदलेला असतो. नंबर बॉक्सच्या खाली किंवा मागं चिकटवलेल्या पट्टीवर मिळतो.

कंपनीच्या ग्राहक सेवेला दोनच प्रश्न विचारायचे. माझा बॉक्स विकतचा आहे की भाड्याचा? आणि माझ्या नावावर डिपॉझिट किती जमा दिसतंय? उत्तर तोंडी घेऊन थांबू नका, मेसेजनं किंवा मेलनं पाठवायला सांगा. तक्रार नंबर दिला तर लिहून ठेवा.

इथं खेड्यात एक अडचण हमखास येते. कनेक्शनला नोंदवलेला मोबाईल नंबर आपला नसतो. जोडणाऱ्या पोरानं घाईत स्वतःचा किंवा दुकानाचा नंबर टाकलेला असतो, नाहीतर आपलंच जुनं सिमकार्ड बंद पडलेलं असतं. असं असेल तर आधी ओळखपत्र देऊन नंबर बदलून घ्या. कनेक्शन बंद व्हायच्या आधीच हे करा, कारण पुढचे सगळे मेसेज त्या नंबरवर जातात.

कंपनी म्हणाली की तुमच्या नावावर डिपॉझिट शून्य आहे, आणि तुम्ही तर पैसे दिलेत, तर त्याचा अर्थ पैसे खालीच राहिले. मग मागणी केबलवाल्याकडं करायची, आणि पुढं तक्रार करायची वेळ आली तर दोघांच्याही नावानं. पैसे दिल्याचा काहीतरी पुरावा लागतो: फोन पे-गुगल पेची नोंद, बँकेचं पासबुक, केबलच्या कार्डावरची सही. यातलं काहीच नसेल तर पैसे निघणं अवघड आहे, हे सरळ सांगतो.

बंद करायचा अर्ज: पंधरा दिवस आणि सात दिवस

ट्रायच्या नियमात दोन मुदती आहेत, त्या लक्षात ठेवा. ज्या तारखेला कनेक्शन बंद करायचंय त्याच्या निदान पंधरा दिवस आधी विनंती द्यायची. आणि कनेक्शन बंद झाल्यापासून सात दिवसांत, परतीच्या अटी पूर्ण असतील तर, कंपनीनं किंवा केबलवाल्यानं डिपॉझिट परत करायचं.

म्हणजे सात दिवसांचं घड्याळ सुरू होतं ते विनंतीवरून कनेक्शन बंद झाल्यावर. नुसता रिचार्ज संपला म्हणून ते सुरू होत नाही. रिचार्ज थांबवणं म्हणजे कंपनीच्या लेखी ग्राहक अजून आहे, फक्त पैसे भरत नाही. बॉक्स भाड्याचा असेल तर अटींप्रमाणे त्याचं भाडंही चढू शकतं. अण्णांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. काकू गेल्यावर ते मुलाकडं चाकणला राहायला गेले. मार्चअखेर रिचार्ज संपला, घराला कुलूप लागलं, आणि अर्ज आम्ही दिला तो १६ मे २०२५ ला. मधले दिवस पुढं अंगाशी आले, ते खाली येईलच.

अर्ज साधा असतो. आम्ही दिला तो असा:

"महोदय, माझ्या नावे केबल टीव्हीचे कनेक्शन आहे. ग्राहक क्रमांक ____, बॉक्स क्रमांक ____. सदर कनेक्शन मला दिनांक ३१ मे २०२५ पासून कायमचे बंद करायचे आहे. त्या दिवशी बॉक्स, अ‍ॅडाप्टर व रिमोट परत देत आहे. माझे डिपॉझिट १००० रुपये नियमाप्रमाणे सात दिवसांत खालील बँक खात्यावर जमा करावे. काही रक्कम कापायची असल्यास तिचा तपशील लेखी द्यावा. सोबत ग्राहक अर्जाची झेरॉक्स."

दोन प्रती काढल्या. एक केबलवाल्याला दिली, दुसरीवर "मिळाला", सही आणि तारीख घेतली. त्याच दिवशी अर्जाचा फोटो कंपनीच्या मेलवर पाठवला आणि टोल फ्री नंबरवर फोन करून तक्रार नंबर घेतला. केबलवाला सही द्यायला कां-कूं करत असेल तर स्पीड पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती सहीसारखीच कामाला येते.

शेवटचा अर्धाकच्चा रिचार्ज मारू नका. उरलेल्या रिचार्जचे पैसे साधारणपणे परत देत नाहीत, तशी अट बहुतेक कंपन्यांच्या फॉर्मवर असते. पॅक कधी संपतो ते बघून त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी अर्ज दिला की दोन्ही तारखा जुळतात आणि भाडंही चढत नाही.

बॉक्स देताना पावती, पावतीवर नंबर

डिपॉझिट अडकण्याची सर्वात मोठी जागा ही आहे. ३१ मे ला केबलवाल्याचा पोरगा आला. त्याला मी म्हणालो, "पावती दे रे बाबा." तो म्हणाला, "दादा, घरचंच हाय की, पावती कशाला?" तरी घेतली. साध्या वहीच्या पानावर लिहिलं: बॉक्स नंबर अमुक, अ‍ॅडाप्टर एक, रिमोट एक, वायर एक, चालू स्थितीत परत मिळाले, तारीख, सही. बॉक्सच्या पट्टीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवला, आणि लावून दाखवला की लाईट लागते. जळका बॉक्स दिला असं नंतर कुणी म्हणू नये म्हणून.

सात जून गेला, पैसे आले नाहीत. केबलवाला म्हणाला, "वरनं आले की देतो." ९ जूनला कंपनीला फोन केला तेव्हा वेगळीच गोष्ट कळली. त्यांच्या नोंदीत अण्णांचा बॉक्स परत आलेलाच नव्हता. तो अजून अण्णांच्याच नावावर होता आणि चालू होता. म्हणजे आमच्याकडून नेलेला बॉक्स पोरानं गावातच दुसऱ्या घरी बसवला होता, नावसुद्धा न बदलता. रिचार्ज त्या घरचा होत होता आणि कंपनीला वाटत होतं अण्णाच टीव्ही बघतायत.

अशानं दोन नुकसान होतात. कंपनीच्या लेखी बॉक्स परत नाही म्हणून डिपॉझिट देणं नाही. आणि पुढं त्या बॉक्सचं काही झालं तर जबाबदार नावानं आपण. हे ओळखायचं कसं? बॉक्स दिल्यावर आठ-दहा दिवसांनी कंपनीला फोन करून आपला ग्राहक क्रमांक सांगा आणि बॉक्स कोणाच्या नावावर दिसतो, चालू आहे का, एवढं विचारा. तुमच्या मोबाईलवर अजून रिचार्जचे मेसेज येत असतील तर समजून जा.

आमच्याकडं पावती आणि फोटो होता म्हणून पुढचं सोपं गेलं. १३ जूनला कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला मेल केला. प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव-पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, आणि ग्राहक सेवेनं काम केलं नाही की त्याच्याकडं जायचं असतं. मेलमध्ये तारखांचा क्रम लिहिला, ग्राहक अर्ज, बंदचा अर्ज, बॉक्सची पावती आणि ९ जूनचा तक्रार नंबर जोडला. दुसरं काही नाही. रागाचं एक वाक्य लिहिलं होतं, ते मुलीनं काढायला लावलं. बरं झालं.

२१ जूनला अण्णांच्या खात्यावर ८८२ रुपये आले. ११८ रुपये कापले होते. तपशील मागितला तर कळलं, एप्रिल आणि मे अशा दोन महिन्यांचं बॉक्सचं भाडं, ५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिना ५९. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात महिना ५० भाडं लिहिलेलं होतंच, त्यामुळं वाद घालण्यासारखं काही नव्हतं. अर्ज मार्चमध्येच दिला असता तर हे ११८ वाचले असते. तुमच्या फॉर्मवर मात्र भाड्याचा आकडाच नसेल आणि कपात केली असेल, तर ती कोणत्या अटीखाली केली ते लेखी मागा. काही योजनांत वापराच्या वर्षांप्रमाणे डिपॉझिटमधून घट धरतात. ती चालते, पण आधी लिहून दिलेली असेल तरच.

छत्रीवाल्यांसाठी

डीटीएचमध्ये, म्हणजे घरावर छत्री असते त्या कनेक्शनमध्ये, मधला केबलवाला नसतो, म्हणून सगळा व्यवहार थेट कंपनीशी. नोंदवलेल्या नंबरवरून फोन करायचा, कनेक्शन बंद करायची विनंती द्यायची, विनंतीचा नंबर घ्यायचा. आपल्याकडं बरेच बॉक्स विकतचे आहेत, त्यांना डिपॉझिटच नसतं. भाड्याचा असेल तर बॉक्स कोण न्यायला येणार, की आपण नेऊन द्यायचा, हे आधी विचारा आणि तिथंही नंबरासह पावती घ्या.

छत्री आपल्या मालकीची असेल तर ती भंगारात देऊ नका. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, आणि त्याचा बॉक्स बाजारात एकदाच विकत घ्यावा लागतो. तीच छत्री फिरवून जीसॅट-१५ उपग्रहाकडं, ९३.५ अंश पूर्वेला लावली की बहुतेक वेळा काम होतं. कंपनीचा जुना बॉक्स मात्र दुसऱ्या कंपनीवर चालत नाही.

ऊसतोडीला किंवा कामाला सहा महिने बाहेर जाणाऱ्यांनी कायमचं बंद करू नये. तात्पुरतं बंद ठेवायची सोय नियमात आहे, त्यासाठीही आधी अर्ज द्यावा लागतो. त्याचे आणि पुन्हा चालू करायचे दर कंपनीनं जाहीर केलेले असतात, ते विचारून घ्या. भाड्याच्या बॉक्सचं भाडं मधल्या काळातही लागू शकतं.

नोडल अधिकाऱ्यानंही दाद दिली नाही तर

ट्राय एकट्या-दुकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, त्यामुळं तिथं अर्ज करून वाट बघत बसू नका. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा. ते कंपनीकडं तक्रार पोचवतात आणि तडजोड घडवायचा प्रयत्न करतात, निकाल मात्र देत नाहीत. निकाल हवा असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही ती दाखल होते. हजार रुपयांसाठी कोण जाणार आयोगात, हे खरं. पण नोडल अधिकाऱ्याला पाठवलेल्या शेवटच्या मेलमध्ये "अन्यथा जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन" एवढी ओळ आणि सोबत पूर्ण कागद असले, तर बऱ्याचदा तिथंच विषय मिटतो.

एक सावधगिरी. कंपनीचा नंबर गुगलवर शोधून पहिला दिसेल त्याला फोन लावू नका. ग्राहक सेवेच्या नावानं फसवणाऱ्यांचे नंबर तिथं असतात. नंबर घ्यायचा तो तुमच्या फॉर्मवरचा, किंवा टीव्हीच्या पडद्यावर येणारा, किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधला. "डिपॉझिट परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

अण्णांचा कागद सापडला तो काकूंनी जपून ठेवला होता म्हणून. तुमच्या घरी कनेक्शन अजून चालू असेल तर आज एवढंच करा: बॉक्स उलटा करून पट्टीचा फोटो काढा, आणि ग्राहक अर्जाची प्रत आहे का बघा. नसेल तर केबलवाल्याकडं मागा. कनेक्शन चालू आहे तोवर तो देतो. बंद केल्यावर मागाल तर उद्या या, परवा या सुरू होतं.